उताऱ्यातून व्यवस्थापनाचं तत्त्व ओळखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी वाणिज्यच्या पेपरात एखाद्या कारखान्याचा किंवा दुकानाचा उतारा येतो आणि खाली विचारलेलं असतं, ‘इथे कोणतं तत्त्व लागू होतं?’ राज्य मंडळाचे आणि सीबीएसईचे विद्यार्थी ज्या शंका पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. भर हेन्री फेयोलच्या चौदा तत्त्वांवर आहे. टेलर आलाय तो फेयोलशी गल्लत होऊ नये एवढ्यापुरताच. उदाहरणातले कारखाने आणि दुकानं सरावासाठी रचलेली आहेत.

चौदाही तत्त्वं पाठ आहेत, तरी उतारा समोर आला की गडबड का होते?

पाठांतर नावापासून सुरू होतं आणि उतारा घटनेपासून. त्यात पेपर काढणारा माणूस तुमच्या ओळखीचे शब्द मुद्दाम चुकीच्या जागी ठेवतो. ‘वर्कशॉपमध्ये काही शिस्तच नाही, पाने-हातोड्या कुठेही पडलेल्या असतात’ हे वाक्य पाहा. ‘शिस्त’ दिसल्याबरोबर अर्धा वर्ग शिस्तीचं तत्त्व लिहून मोकळा होतो. पण इथे नियम कोणी मोडला, करार कोणी तोडला? कोणीच नाही. वस्तूला ठरलेली जागा नाही, एवढंच घडलंय. उत्तर आहे सुव्यवस्थेचं तत्त्व.

म्हणून शब्दाच्या मागे जाऊ नका. प्रत्येक वाक्याला तीन गोष्टी विचारा. बिघाड कोणाकोणात आहे: दोन साहेब आणि एक हाताखालचा माणूस, की मालक आणि कामगार, की माणूस आणि वस्तू? नेमकं काय जास्त झालं किंवा काय कमी पडलं? आणि त्यामुळे झालं काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्याच वाक्याच्या शेवटी किंवा पुढच्या वाक्यात असतं, आणि दोन तत्त्वांत अडलात तर निकाल तिथेच लागतो.

एखादा पूर्ण उतारा सोडवून दाखवाल का?

हा उतारा घेऊ.

‘हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात संत्रा बर्फी आणि संत्र्याचं सरबत अशी दोन उत्पादनं होतात. दोन्हींसाठी मिळून एकच आराखडा आणि एकच प्रमुख आहे. दिवाळीच्या सुमारास सगळं लक्ष बर्फीकडे जातं आणि उन्हाळ्यातल्या सरबताच्या बाटल्या, बाजारपेठ, खर्च यांचा विचार कोणीच करत नाही. पॅकिंगच्या पर्यवेक्षकाला सकाळी उत्पादन व्यवस्थापक अर्धा किलोचे डबे भरायला सांगतात, दुपारी विक्री व्यवस्थापक येऊन पाव किलोचे आधी भरा म्हणतात. संध्याकाळी दोन्ही ऑर्डरी अर्धवट राहतात. फळाच्या दर्जाबद्दल जाब पर्यवेक्षकालाच विचारला जातो, पण कळमन्याहून आलेला खराब माल परत पाठवायचा तर त्यांना मालकाची परवानगी लागते, आणि मालक आठवड्यातून दोनच दिवस कारखान्यात येतात. लेबलं आणि झाकणं कुठल्या कपाटात आहेत हे शोधण्यात रोज अर्धा-पाऊण तास जातो.’

आता एकेक वाक्य. पहिल्या वाक्यात फक्त पार्श्वभूमी आहे, पण ‘दोन उत्पादनं’ हे शब्द लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात वेगळ्या हंगामाची, वेगळ्या गिऱ्हाइकाची दोन कामं एकाच आराखड्यात कोंबली आहेत. समान उद्दिष्ट असलेल्या कामांच्या एका गटाला एक प्रमुख आणि एक योजना हवी, असं फेयोल सांगतो. बर्फी हा एक गट, सरबत हा दुसरा. इथे दोन योजना आणि दोन प्रमुख हवे होते. म्हणून निर्देशनातील एकवाक्यतेचं उल्लंघन. काहीजण इथे कार्यविभागणी लिहितात. एकच माणूस फळ सोलतो, पाक करतो आणि डबेही भरतो असं म्हटलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं. तसं कुठेही म्हटलेलं नाही.

चौथ्या-पाचव्या वाक्यात एक पर्यवेक्षक, दोन साहेब, दोन उलट आदेश आणि दोन्ही कामं अर्धवट. आदेशातील एकवाक्यतेचं उल्लंघन. हे सहसा कोणाचं चुकत नाही.

सहावं वाक्य मात्र सापळा आहे. परवानगी मालकाची, मालक गावात नाहीत, तेव्हा केंद्रीकरण लिहावंसं वाटतं. पण वाक्याची सुरुवात पुन्हा वाचा: ‘जाब पर्यवेक्षकालाच विचारला जातो’. जबाबदारी दिली आहे, ती पार पाडायला लागणारा अधिकार दिलेला नाही. हा अधिकार आणि जबाबदारी यांच्या तोलाचा प्रश्न आहे. जाब विचारण्याचा भाग खोडून टाका आणि तेच वाक्य पुन्हा वाचा. मग उरतं ते केंद्रीकरण, कारण आता छोट्यातला छोटा निर्णयही वरच अडतोय एवढंच दिसतं. एका अर्ध्या वाक्याने उत्तर बदलतं ते असं.

शेवटच्या वाक्यात वस्तूची जागा ठरलेली नाही आणि वेळ वाया जातो. सुव्यवस्था.

आदेशातील आणि निर्देशनातील एकवाक्यता यांत दरवेळी घोळ होतो. झटकन कसं ओळखायचं?

मोजा. उताऱ्यात साहेब मोजावे लागत असतील तर आदेशातील एकवाक्यता. योजना मोजाव्या लागत असतील तर निर्देशनातील. पहिलं तत्त्व एका माणसाबद्दल आहे: त्याने कोणाचं ऐकायचं? दुसरं कामांच्या गटाबद्दल आहे: हा गट कुठल्या दिशेने जातोय आणि त्याचा प्रमुख कोण?

परिणामही वेगळे लिहिलेले असतात. पहिलं मोडलं की कर्मचारी गोंधळतो, टाळाटाळ करतो, एका साहेबाचं नाव दुसऱ्याला सांगून निसटतो. दुसरं मोडलं की दोन विभाग एकच काम दोनदा करतात, खर्च दुप्पट होतो, किंवा एक विभाग दुसऱ्याच्या उलट जातो. ‘दोन्ही विभागांनी त्याच गिऱ्हाइकाला वेगवेगळे भाव कळवले’ असं वाचलं तर साहेब मोजत बसू नका.

फेयोलने या दोहोंचं नातंही सांगितलं आहे. निर्देशनातील एकवाक्यता नसेल तर आदेशातील एकवाक्यता टिकू शकत नाही. पण निर्देशनातील असली म्हणजे आदेशातील आपोआप येते असं नाही. त्यामुळे एकाच उताऱ्यात दोन्ही सापडली तर घाबरून एक खोडू नका. ओळी वेगवेगळ्या असतील तर दोन्ही लिहा.

दोन साहेब दिसले की नेहमी आदेशातील एकवाक्यताच मोडलेली असते का?

नाही. साहेब दोन असले तरी कोणत्या गोष्टीत कोणाचं ऐकायचं हे शास्त्रोक्त पद्धतीने वाटून दिलं असेल, तर तो टेलर आहे. त्याच्या कार्यात्मक नायकत्वात कामगारावर आठ नायक असतात: चार नियोजनाकडचे, चार प्रत्यक्ष उत्पादनाकडचे. एक फक्त वेग बघतो, एक फक्त यंत्रदुरुस्ती, एक फक्त दर्जा. उताऱ्यात ‘दर्जाबद्दल निरीक्षकाचं आणि यंत्राबद्दल दुरुस्ती नायकाचं ऐकायचं’ अशी विभागणी सांगितली असेल, तर विचारलेलं तंत्र हेच आहे.

एवढ्यावर न थांबता प्रश्न पुढे विचारू शकतो की हे तंत्र फेयोलच्या कोणत्या तत्त्वाशी विसंगत आहे. उत्तर: आदेशातील एकवाक्यता. सीबीएसईच्या विद्यार्थ्यांनी हे तयारच ठेवावं.

फेयोल आणि टेलर वेगळे करायला उतारा कुठल्या मजल्यावर घडतोय ते बघा. फेयोल हा फ्रेंच खाण अभियंता, पुढे कंपनीचा प्रमुख. त्याचं लेखन 1916 चं आणि नजर वरून खाली. टेलर अमेरिकी, पोलाद कारखान्यात काम केलेला. त्याचा ग्रंथ 1911 चा आणि नजर यंत्रापाशी उभ्या कामगारावर. स्टॉपवॉच, हालचाली मोजणं, विश्रांतीच्या वेळा, प्रमाण ठरवणं हे आलं की टेलर.

भिन्न कामदर पद्धत आणि मोबदल्याचं तत्त्व यांत फरक कसा करायचा?

उताऱ्यात दोन दर आणि एक ठरलेलं प्रमाण आहे का, ते शोधा. समजा रोजचं प्रमाण 200 डब्यांचं आहे. प्रमाण गाठणाऱ्याला सगळ्या डब्यांवर डब्यामागे 3 रुपये, न गाठणाऱ्याला अडीच. 200 डबे भरणारा 600 रुपये घेऊन जातो. 199 भरणाऱ्याला 497 रुपये 50 पैसे मिळतात. एका डब्याने 102 रुपये 50 पैशांचा फरक पडला, आणि तो पडावा हाच टेलरचा हेतू होता. असा हिशेब आला की तंत्र भिन्न कामदराचं.

दर एकच असेल, पण पगार महागाईच्या मानाने अपुरा आहे, कामाच्या मानाने कमी आहे, म्हणून माणसं नाराज आहेत, असं लिहिलं असेल तर फेयोलचं मोबदल्याचं तत्त्व. आणि काम तेच, वेळ तीच, पण बायकांना कमी आणि पुरुषांना जास्त, किंवा ‘आपल्या गावच्या’ माणसाला रजा आणि दुसऱ्याला नाही, असं असेल तर समता. मोबदल्यात प्रश्न ‘किती’ हा असतो, समतेत ‘त्याला का आणि मला का नाही’ हा.

बोनसचा शब्द देऊन मालकाने पाळला नाही. हे मोबदल्यात जातं की समतेत?

दोन्हींत नाही, ते शिस्तीत जातं. सर्वांत जास्त गुण जातात ते इथेच, कारण शिस्त म्हणजे कामगाराने वेळेवर येणं, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. फेयोलच्या लेखी शिस्त म्हणजे संस्था आणि कर्मचारी यांच्यात झालेल्या कराराचा दोन्ही बाजूंनी राखलेला मान. कामगारांनी जादा तास काम करायचं कबूल केलं, केलंही. मालकाने बदल्यात वेतनवाढ कबूल केली आणि ऐनवेळी हात वर केले. करार मालकाने मोडला, म्हणजे शिस्त मालकाने मोडली.

खूण अशी की उताऱ्यात आधी ‘ठरलं होतं’, ‘आश्वासन दिलं’, ‘करारानुसार’ असं काहीतरी येतं आणि मागाहून एक बाजू ते पाळत नाही. आधी काही ठरलंच नव्हतं आणि पगार नुसताच कमी आहे, तर शिस्तीचा संबंध नाही.

निरोप थेट दुसऱ्या विभागाला दिला, तर ते साखळी तत्त्वाचं उल्लंघन की पालन?

निरोप का आणि कोणाला दिला, यावर ते ठरतं. साखळी म्हणजे सर्वांत वरच्यापासून सर्वांत खालच्यापर्यंतची अधिकाराची सलग ओळ. निरोप त्या ओळीनेच चढायचा आणि उतरायचा. पण काम तातडीचं असेल तर समान पातळीवरच्या दोघांनी आपापल्या वरिष्ठांच्या संमतीने थेट बोलावं आणि मग वरिष्ठांना कळवावं, अशी वाट फेयोलनेच ठेवली आहे. पुस्तकात तिला समतल संपर्क किंवा गँग प्लँक म्हणतात.

उदाहरण घ्या. बुटीबोरीच्या कारखान्यातला भांडार पर्यवेक्षक दुरुस्ती पर्यवेक्षकाला थेट फोन करतो, कारण शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडलाय आणि माल खराब होणार आहे; नंतर दोघंही आपल्या व्यवस्थापकांना कळवतात. पातळी समान, निकड खरी, वरिष्ठांना माहिती. ही गँग प्लँक झाली. त्याऐवजी एखादा कामगार रजेसाठी पर्यवेक्षकाला आणि व्यवस्थापकाला ओलांडून सरळ संचालकांच्या केबिनमध्ये गेला, तर साखळी तुटली. निकड नाही आणि पातळीही समान नाही.

उलट दिशेचा प्रकार फसवा असतो. संचालक मधल्या व्यवस्थापकाला बगल देऊन कामगाराला थेट हुकूम देतात. साखळी तर तुटलीच. पण त्यामुळे कामगाराला दोघांचे वेगळे हुकूम मिळाले असं पुढे लिहिलं असेल तर आदेशातील एकवाक्यताही मोडली. मधल्या व्यवस्थापकाला काही कळलंच नाही, एवढंच लिहिलं असेल तर फक्त साखळी लिहा.

बाकीच्या तत्त्वांच्या खुणा काय?

ती तुलनेने सरळ आहेत. खरेदी अधिकारी नातेवाइकाकडून चढ्या भावाने माल घेतो, तर सामूहिक हिताला प्राधान्य हे तत्त्व मोडलं. दर दोन-तीन महिन्यांनी माणूस बदलतो, काम हाताला बसायच्या आत बदली होते, तर कर्मचारी स्थैर्य. कामगाराने सुचवलेली सुधारणा न ऐकताच धुडकावली, तर पुढाकार. तीच सूचना ऐकून, वापरून व्यवस्थापक वर सांगतात की ‘हे मी केलं’, तर संघभावना. ‘मी’च्या जागी ‘आपण’ यावं हा तिचा गाभा आहे. शेवटच्या दोन्ही खुणा एकाच ओळीत आल्या तर परिणाम काय लिहिलाय ते बघा: लोक सुचवायचेच बंद झाले की गटात फूट पडली?

उत्तर किती लिहायचं आणि कसं मांडायचं?

गुण बघून. राज्य मंडळाच्या पेपरात घटनेखाली एकेका गुणाचे छोटे उपप्रश्न असतात. तिथे तत्त्वाचं नाव आणि कारणाचं एक वाक्य पुरतं. पानभर लिहून दीर्घोत्तरी प्रश्नाचा वेळ खाऊ नका. सीबीएसईत तीन, चार किंवा सहा गुणांचा प्रश्न येतो आणि बहुधा ‘ओळी उद्धृत करून’ असं म्हटलेलं असतं. मग क्रम असा ठेवा: आधी तत्त्वाचं पूर्ण नाव, खाली उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी अवतरणचिन्हांत, मग तत्त्व काय सांगतं ते दोन वाक्यांत, आणि शेवटी ते या कारखान्यात कसं मोडलं किंवा पाळलं.

वरच्या बर्फीच्या उताऱ्यातली एक जोडी अशी लिहिता येईल. तत्त्व: अधिकार आणि जबाबदारीचं तत्त्व. ओळ: ‘फळाच्या दर्जाबद्दल जाब पर्यवेक्षकालाच विचारला जातो, पण … मालकाची परवानगी लागते’. स्पष्टीकरण: जबाबदारी सोपवताना ती पार पाडण्यापुरता अधिकार द्यायला हवा, अधिकाराविना जबाबदारी दिली तर माणूस हतबल होतो, जबाबदारीविना अधिकार दिला तर त्याचा गैरवापर होतो. इथे दर्जाची जबाबदारी आहे, माल नाकारण्याचा अधिकार नाही. बस. यापुढे फेयोलचं चरित्र लिहिलं तरी गुण वाढत नाहीत.

तत्त्वाचं नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात जसं छापलंय तसंच लिहा. पुस्तकांगणिक नावं थोडी वेगळी असतात, आणि वर्गातली बोलीतली नावं तपासणाऱ्याच्या डोक्यावर कशाला लादायची!

ओळ उद्धृत करताना काय चुकतं?

अर्धी ओळ उचलली जाते. बहुतेक खुणा ‘पण’, ‘तरी’, ‘त्यामुळे’ या शब्दांवर तोललेल्या असतात. ‘जाब विचारला जातो’ एवढंच लिहिलं तर जबाबदारी दिसते, अधिकाराचा अभाव दिसत नाही. दुसरी चूक म्हणजे चार तत्त्वांसाठी तोच परिच्छेद चारदा उतरवणं. एका तत्त्वाला एक ओळ बांधा. दोन तत्त्वांना एकच ओळ लागत असेल तर त्यातलं एक तत्त्व बहुधा चुकलेलं असतं, ते पुन्हा तपासा.

प्रश्नात ‘उल्लंघन’ न म्हणता नुसतंच ‘लागू होणारं तत्त्व’ म्हटलं असेल तर?

मग उतारा दोन्ही प्रकारचा असू शकतो. ‘प्रत्येक विक्रेत्याला एकच काउंटर दिल्याने सहा महिन्यांत बिल करायला लागणारा वेळ निम्मा झाला’ यात काहीच बिघडलेलं नाही. कार्यविभागणी पाळली गेली आहे. उत्तरात ‘पाळलं’ की ‘मोडलं’ हा शब्द स्पष्ट लिहा. विद्यार्थी सवयीने ‘उल्लंघन झाले’ लिहून जातात आणि बरोबर ओळखलेल्या तत्त्वाचं स्पष्टीकरण उलटं पडतं. ‘तत्त्व’ विचारलंय की ‘तंत्र’ हेही त्याच वेळी बघा. तत्त्व विचारलं असताना वेळ अभ्यास लिहिला तर ते तंत्र असल्यामुळे गुण मिळत नाही.

सरावासाठी एखादा फसवा उतारा द्या.

‘सीताबर्डीवरच्या एका कापड दुकानात मालकांनी मोठ्या सवलतींचे निर्णय स्वतःकडे ठेवले आहेत, शंभर रुपयांपर्यंतची सूट मात्र विक्रेता स्वतः देऊ शकतो. साड्यांच्या विभागातला जुना, अनुभवी विक्रेता हिशेबाच्या टेबलावर बसवला आहे आणि हिशेब शिकलेला मुलगा साड्या दाखवतो. गिऱ्हाईक परत जातं.’

पहिल्या वाक्यात केंद्रीकरण आणि विकेंद्रीकरण यांचा तोल आहे, आणि तो पाळलेला आहे. दुसऱ्या वाक्यावर बरेचजण कार्यविभागणी लिहितात. पण काम वाटलेलं आहेच. चुकलीय ती माणसाची जागा. सुव्यवस्थेच्या तत्त्वाचे दोन भाग आहेत, वस्तूंची सुव्यवस्था आणि माणसांची: योग्य माणूस योग्य जागी. दुसरं उत्तर सुव्यवस्था, आणि तिचं उल्लंघन झालंय.